सात नंबरच्या मशीनचे प्रकरण: ग्राफिक्स कार्डाची सैल पॉवर केबल

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका सायबर कॅफेत घडलेले हे प्रकरण आहे. कॅफेच्या पुढच्या भागात परीक्षेचे फॉर्म, दाखले आणि प्रिंटची कामे चालतात, तर आतल्या खोलीत गेम खेळण्यासाठी एका ओळीत मशीन मांडलेली आहेत. त्यांतील सात नंबरचे मशीन दिवाळीच्या सुट्टीपासून अधूनमधून खेळ चालू असताना बंद पडू लागले. त्याला ठरलेली वेळ नव्हती. एखाद्या दिवशी संध्याकाळभर ते सुरळीत चाले आणि दुसऱ्या दिवशी तासाभरात दोनदा दगा देई. मुले चिडत, पैसे परत मागत, आणि हळूहळू त्या खुर्चीवर कोणी बसेनासे झाले. दुरुस्तीचे काम पाहणारा तंत्रज्ञ माझ्या परिचयाचा आहे. त्याने हा दोष ज्या क्रमाने शोधला तो क्रमच या प्रकरणातील सर्वांत उपयोगी भाग आहे, असे मला वाटते, म्हणून तो सविस्तर मांडतो.

आधी मशीनविषयी थोडे. त्यात जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आणि ५०० वॉटचा पॉवर सप्लाय होता. या कार्डाची नेमून दिलेली वीज १२५ वॉट आहे. मदरबोर्डावरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट पुरवू शकतो, म्हणून उरलेली वीज पॉवर सप्लायमधून थेट येणाऱ्या आठ पिनच्या वेगळ्या केबलने द्यावी लागते. या केबलचा प्लग दोन तुकड्यांचा असतो. सहा पिनचा एक भाग आणि दोन पिनचा दुसरा भाग एकमेकांना जुळवून कार्डात बसवायचे असतात. त्याच खोलीतील काही मशीनमध्ये जीटीएक्स १६५० ही लहान कार्डे होती. ती ७५ वॉटच्या आतच भागवतात, त्यामुळे त्या मशीनमध्ये अशी केबल नव्हती. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

तंत्रज्ञ येण्यापूर्वी बरेच उपाय करून झाले होते. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला होता, नंतर जुना टाकून पाहिला होता, आणि शेवटी संपूर्ण विंडोजच नव्याने बसवले होते. दोष तसाच राहिला. त्यानंतर कॅफेत काम करणाऱ्या मुलाने कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून मशीन उघडेच चालवून पाहिले, तेव्हा मात्र दोन दिवस काहीही बिघडले नाही. त्यावरून सर्वांनी निष्कर्ष काढला की कार्ड तापते. मालकांनी एक जादा पंखा आणून लावला, पट्टी पुन्हा बसवली, आणि त्याच रात्री मशीन परत बंद पडले. तेव्हा कोणी म्हणाले कार्ड गेले, कोणी म्हणाले पॉवर सप्लाय कमजोर झाला. या टप्प्यावर मालकांनी तंत्रज्ञाला फोन केला.

त्याने मशीनला हात लावण्याआधी मुलाला एकच गोष्ट खोदून विचारली.

“बंद पडते म्हणजे नेमके काय होते? गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, मशीन आपोआप रिस्टार्ट होते, की स्क्रीन काळी होते?”

“स्क्रीन काळी होते, दादा. पण हेडफोनमध्ये आवाज थोडा वेळ येत राहतो. आतला पंखा एकदम जोरात फिरायला लागतो. मग मी बटण दाबून धरतो आणि बंद करतो.”

हे उत्तर फार मोलाचे होते. खेळ नुसता बंद होऊन डेस्कटॉप दिसला असता तर खेळाच्या फायली, रॅम किंवा ड्रायव्हर यांवर संशय आधी गेला असता. संपूर्ण मशीन क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू झाले असते तर पॉवर सप्लायने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडली असण्याची शक्यता मोठी होती. इथे मात्र प्रोसेसर चालू होता, आवाज येत होता, म्हणजे मदरबोर्डाला वीज मिळत होती, आणि नाहीसे झाले होते ते फक्त ग्राफिक्स कार्ड. पंखा पूर्ण वेगाने फिरणे हेही त्याच दिशेने बोट दाखवते. कार्डावरचे नियंत्रण सुटले की अनेक कार्डांचे पंखे सुरक्षिततेसाठी पूर्ण वेगावर जातात. तापमानामुळेही कार्ड असे बंद पडू शकते, म्हणून केवळ या लक्षणावरून दोष ठरत नाही, पण शोधाचे क्षेत्र बरेच लहान होते.

मग त्याने विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे `Kernel-Power` या नावाची, ४१ क्रमांकाची नोंद पुष्कळदा दिसत होती. ही नोंद पाहिली की ‘पॉवर’ हा शब्द वाचून पॉवर सप्लाय बदलण्याचा सल्ला लगेच दिला जातो. प्रत्यक्षात या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होता मशीन बंद झाले. त्याने नोंदीचा तपशील उघडला, तेव्हा `BugcheckCode` समोर ० होता आणि `PowerButtonTimestamp` समोर मात्र एक मोठा आकडा होता. या दुसऱ्या ओळीत शून्याऐवजी आकडा असला तर कोणीतरी बटण दाबून धरले होते असे समजावे. म्हणजे त्या सगळ्या नोंदी मुलाने बटण दाबून मशीन बंद केल्याच्या होत्या आणि मूळ दोष त्याआधीच होऊन गेला होता. थोडे खाली सरकल्यावर प्रत्येक वेळी त्याआधी `nvlddmkm` या नावाची चूक नोंदलेली सापडली. ते एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या फाइलचे नाव आहे. कार्ड उत्तर देत नाही अशी ड्रायव्हरची तक्रार तिथे होती. इथेही सावध राहावे लागते. तक्रार ड्रायव्हरच्या नावाने आली म्हणून दोष ड्रायव्हरचा ठरत नाही, कारण कार्डाची वीज गेली तरी ती कळवणारा ड्रायव्हरच असतो. विंडोज नव्याने बसवूनही दोष कायम राहिल्यामुळे ड्रायव्हर जवळजवळ निर्दोष ठरलाच होता.

आता तापमानाचा प्रश्न निकालात काढायचा होता. त्यासाठी त्याने बाजूची पट्टी बसवलेलीच ठेवली, म्हणजे ज्या स्थितीत दोष येतो तीच स्थिती कायम ठेवली, आणि ड्रायव्हरसोबत येणाऱ्या साधनाने दर सेकंदाला नोंद घेणारी ही आज्ञा चालू केली:

```
nvidia-smi --query-gpu=timestamp,temperature.gpu,power.draw,clocks.gr --format=csv -l 1 -f C:\log\gpu7.csv
```

यात वेळ, कार्डाचे तापमान, कार्ड त्या क्षणी घेत असलेली वीज आणि कार्डाचा वेग एवढेच चार आकडे फायलीत उतरतात. त्याने संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना नेहमीप्रमाणे खेळू दिले. रात्री स्क्रीन काळी झाली तेव्हा फाइल वाचली. शेवटच्या ओळींत तापमान ६६ आणि ६७ अंश होते, वीज ११८ वॉटवरून १२३ वॉटवर गेली होती, आणि त्यापुढच्या ओळीत आकड्यांच्या जागी `[GPU is lost]` असे होते. कार्ड ऐंशी अंशांच्या पुढे जाऊ लागले की ते आपला वेग हळूहळू कमी करते आणि त्याची खूण वेगाच्या रकान्यात दिसते. इथे वेग शेवटपर्यंत १९०० मेगाहर्ट्झच्या आसपास स्थिर होता. तापल्यामुळे बंद पडणारे कार्ड असे वागत नाही. ते आधी चढत जाते, मग धापा टाकते आणि मग पडते. हे कार्ड मात्र थंड असताना, ऐन भरात असताना एका क्षणात नाहीसे झाले होते.

फाइल मागे चाळल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. साध्या खेळांत, व्हॅलोरंटसारख्या, फ्रेमची मर्यादा लावलेली असल्यामुळे कार्ड ६० ते ७० वॉटच्या आसपास राहत होते, आणि तेवढा वेळ दोष आला नव्हता. जीटीए फाइव्ह सर्व सेटिंग वर ठेवून चालवला की वीज १२० वॉटच्या जवळ पोहोचत होती, आणि बंद पडणे तेव्हाच घडत होते. मुलांना जे ‘कधीही’ वाटत होते ते खरे म्हणजे विजेच्या मागणीशी बांधलेले होते. कोणत्या संध्याकाळी कोण काय खेळायला बसतो यावर मशीनचे वागणे अवलंबून होते.

हा संशय पक्का करण्यासाठी त्याने एक साधी चाचणी केली. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाची वीजमर्यादा सरकवण्याची पट्टी असते. ती त्याने ६५ टक्क्यांवर आणली, म्हणजे कार्डाला साधारण ८१ वॉटच्या वर जाऊ दिले नाही. खेळ थोडा मंदावला, पण जीटीए फाइव्ह दुसऱ्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत चालूनही स्क्रीन काळी झाली नाही. मर्यादा पुन्हा १०० टक्के केली, आणि दोष परत आला. या चाचणीने नेमका भाग कळत नाही हे लक्षात घ्यावे. कार्डावरचा वीज नियंत्रित करणारा भाग खराब असला, पॉवर सप्लाय थकला असला किंवा केबलचा जोड सैल असला, तरी तिन्ही वेळा हेच दिसेल. पण रॅम, डिस्क, खेळाच्या फायली, विंडोज हे सगळे या चाचणीनंतर बाजूला पडतात, आणि उरतो तो विजेचा रस्ता.

पॉवर सप्लायवर मालकांचा विशेष राग होता. तंत्रज्ञाने मल्टिमीटर घेऊन त्याच सप्लायच्या एका रिकाम्या मोलेक्स प्लगवर, कार्डावर पूर्ण भार असताना, पिवळ्या आणि काळ्या तारेमधले व्होल्टेज पाहिले. ते १२ व्होल्टच्या जवळ स्थिर होते. या ओळीसाठी ११.४ ते १२.६ व्होल्ट ही मान्य मर्यादा आहे, त्यामुळे सप्लाय बहुधा ठीक आहे असे त्याने टिपून ठेवले. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की साधा मल्टिमीटर काही मिलिसेकंदांचे खड्डे दाखवत नाही. शिवाय सप्लायच्या एका टोकाला १२ व्होल्ट आहेत म्हणून कार्डाच्या टोकालाही तेवढेच पोहोचतात असे नाही.

इथे नेहमीची पद्धत अशी की सात नंबरचे कार्ड काढून आठ नंबरमध्ये घालायचे, आठचे सातमध्ये, आणि दोष कोणाबरोबर जातो ते पाहायचे. पद्धत चांगली आहे, पण जोड सैल असल्याचा संशय असेल तेव्हा ती फसवते, कारण कार्ड काढून पुन्हा बसवताना केबलही पुन्हा बसवली जाते. मग दोन्ही मशीन नीट चालतात, कार्डही चांगले ठरते आणि सप्लायही, आणि दोष कशात होता याचा पुरावा आपल्याच हातांनी पुसला जातो. महिनाभराने तो परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून त्याने काहीही उपसण्याआधी नुसते पाहायचे ठरवले. मशीन बंद केले, मागची वायर भिंतीच्या बोर्डातून काढली, मग पट्टी उतरवली.

पट्टी हातात घेतल्यावर पहिली खूण तिच्या आतल्या अंगावर दिसली. करड्या रंगावर बोटाच्या पेराएवढा एक डाग घासून चकाकत होता. त्याच उंचीवर, आत, कार्डाच्या पॉवर केबलच्या काळ्या आवरणाला करडा रंग लागला होता. कॅबिनेट अरुंद होते आणि कार्डाचा प्लग नेमका पट्टीच्या बाजूला तोंड करून बसतो, त्यामुळे प्लगमधून बाहेर येऊन खाली वळणारी केबल पट्टीला लागत होती. तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही. पण टॉर्च धरून त्याने प्लगकडे तिरके पाहिले तेव्हा प्लगची खिट्टी कार्डाच्या सॉकेटवरच्या उंचवट्यापलीकडे गेलेलीच नव्हती. ती उंचवट्याच्या अलीकडे टेकून राहिली होती, आणि प्लग व सॉकेट यांच्यामध्ये वरच्या कडेला सुमारे दोन मिलिमीटरची फट होती. शेजारचे आठ नंबर उघडून पाहिले तर तिथे खिट्टी उंचवट्यावर अडकलेली होती आणि फट अजिबात नव्हती. दोन्ही शेजारी पाहिल्यावरच हा फरक डोळ्यांत भरतो. नुसत्या सात नंबरकडे पाहणाऱ्याला ती केबल ‘लावलेली’च वाटली असती.

मग, वीज तोडलेलीच असताना, पट्टी जिथे येते तिथे त्याने तळहात ठेवून केबल हलकेच आत दाबली. प्लग वरच्या बाजूने आणखी उघडला. केबल खाली एका प्लॅस्टिकच्या पट्ट्याने कॅबिनेटच्या तळाशी ताणून बांधलेली होती, त्यामुळे वरून दाब आला की तिला सरकायला जागा नव्हती आणि सगळा जोर प्लग तिरका करण्यात जात होता. हात काढला की केबल आपल्या वळणावर परत येई आणि प्लग जवळजवळ सरळ होई. पट्टी काढून ठेवल्यावर मशीन दोन दिवस का चालले, याचे उत्तर इथे मिळाले. त्या दोन दिवसांत हवेने कार्ड थंड झाले म्हणून ते वाचले नव्हते. पट्टीचा दाब गेला म्हणून ते वाचले होते. निरीक्षण अगदी बरोबर होते, त्यावरून काढलेले कारण तेवढे चुकले, आणि त्या चुकीच्या कारणावर जादा पंख्याचा खर्च झाला.

आता एवढ्या सैल जोडावर मशीन सुरू तरी कसे होत होते, हा प्रश्न वाचकाला पडेल. केबल अजिबात लावली नाही तर अशी कार्डे सुरुवातीलाच स्क्रीनवर केबल जोडण्याची सूचना देऊन थांबतात. प्लगमधल्या दोन पिन केवळ केबल लागली आहे की नाही हे कार्डाला कळवण्यासाठी असतात. प्लग अर्धवट बसला तरी या पिन टेकतात, कार्डाची खात्री पटते आणि ते सुरू होते. डेस्कटॉपवर कार्ड दहा-पंधरा वॉटच घेते, त्याला सैल जोडही पुरतो. खेळाच्या ऐन भारात मात्र चित्र बदलते. समजा १२० वॉटपैकी ८० वॉट केबलने येत आहेत. १२ व्होल्टवर ते सुमारे ६.७ अँपिअर होतात. प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन आहेत, म्हणजे प्रत्येकीवर सव्वादोन अँपिअरच्या आसपास भार येतो, आणि नीट टेकलेल्या पिनला तो काहीच नाही. पण प्लग तिरका होऊन दोन पिन जवळजवळ सुटल्या तर सगळे ६.७ अँपिअर एकीतून जाऊ पाहतात. त्या पिनचा स्पर्शही अर्धवट असेल आणि तिथे ०.०५ ओहमचा अडथळा तयार झाला असेल, तर तिथल्या तिथे ०.३३ व्होल्ट गळतात आणि त्या इवल्याशा पिनमध्ये दोन वॉटहून जास्त उष्णता तयार होते. ०.०५ ओहम हा आकडा मी समजुतीसाठी घेतला आहे, तिथे प्रत्यक्ष मोजमाप झालेले नाही. शिवाय खेळात स्फोट, धूर, गर्दी असे दृश्य आले की कार्डाची मागणी काही मिलिसेकंदांपुरती सरासरीच्या बरीच वर उसळते. सेकंदाला एकदा घेतलेल्या नोंदीत ती उसळी दिसत नाही. त्या क्षणी कार्डाला मिळणारे व्होल्टेज कोसळते आणि कार्ड स्वतःला बंद करून घेते.

प्लग बाहेर काढल्यावर त्याने आधी वास घेतला, मग प्लॅस्टिक पाहिले. पिवळेपणा, वितळलेली कड किंवा काळा डाग असता तर केबल आणि कदाचित पॉवर सप्लायही बदलावा लागला असता, कारण एकदा तापलेल्या पिनची पकड कायमची सैल होते आणि नीट बसवूनही ती पुन्हा तापते. इथे एका पिनची चमक किंचित मंदावली होती, बाकी काही नव्हते. त्याने प्रत्येक तार मागून हलकेच ओढून पाहिली. एखादी पिन प्लगमधून मागे सरकली असेल तर ती अशी हाताला लागते. सगळ्या घट्ट होत्या.

दुरुस्तीला फारसा वेळ लागला नाही. तळाचा प्लॅस्टिकचा पट्टा कापला. सहा आणि दोन पिनचे तुकडे कडेला कड जुळवून एकत्र धरले, कारण दोन पिनचा तुकडा जरासा मागे राहिला की संपूर्ण प्लग अडतो आणि खिट्टी बसत नाही. दुसऱ्या हाताने कार्डाला मागून आधार देऊन प्लग सरळ दाबला, टक असा आवाज आल्यावर खिट्टी डोळ्यांनी पाहिली, आणि ती न दाबता प्लग ओढून तो येत नाही याची खात्री केली. केबल प्लगपासून दोन-तीन बोटे सरळ ठेवून मग वळवली आणि खाली सैल बांधली. पट्टी लावताना ती आता केबलला जेमतेम टेकत होती, रेटत नव्हती.

तपासणी त्याने दोष येत होता त्याच स्थितीत केली: पट्टी बंद, वीजमर्यादा १०० टक्के, जीटीए फाइव्ह, संध्याकाळची गर्दी. नोंद घेणारी आज्ञाही चालूच ठेवली. पुढचा आठवडाभर वीज १२० वॉटच्या वर जात राहिली आणि `[GPU is lost]` ही ओळ परत आली नाही. जोरदार भार देणारा चाचणी प्रोग्रॅम अर्धा तास चालवून काम संपवता आले असते, पण तशा प्रोग्रॅमचा भार एकसारखा असतो, आणि इथे मशीनला पाडत होती ती अचानक येणारी उसळी. म्हणून खऱ्या खेळावरच विसंबणे मला योग्य वाटते.

हे सुरू झाले कधी, हे त्याने मालकांना शेवटी विचारले. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी होणार म्हणून त्याआधी सगळी मशीन उघडून ब्लोअरने धूळ काढली होती, आणि त्यासाठी कार्डे उपसून परत बसवली होती. म्हणजे सात नंबर एकटे असण्याचे कारण नव्हते. त्याने त्याच दिवशी केबल लागणारी बाकीची मशीनही उघडली. आणखी दोन मशीनमध्ये खिट्टी उंचवट्यापलीकडे गेलेली नव्हती. त्यांच्या कॅबिनेटमध्ये पट्टी आणि केबल यांच्यात बोटभर मोकळी जागा होती, दाब येत नव्हता, म्हणून ती अजून तक्रार न करता चालली होती. ते दोन्ही प्लग त्याने दाबून बसवले. जादा पंखा काढून मालकांनी तो पुढच्या खोलीतल्या प्रिंटच्या मशीनला लावला, कारण तिथला पंखा खरोखरच खराब झालेला होता.